समसंबंध आणि गटात न बसणारा शब्द : पर्याय झाकून उत्तर कसे काढायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिष्यवृत्ती परीक्षा असो की पोलीस भरती, शब्दांचे समसंबंध आणि ‘गटात न बसणारा शब्द ओळखा’ हे दोन प्रकार पेपरात ठरलेलेच. सोलापुरातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. अंकांचे आणि आकृत्यांचे समसंबंध वेगळ्या रीतीने सोडवावे लागतात, त्यामुळे ते इथे घेतलेले नाहीत.

पर्याय तर छापलेलेच असतात. ते आधी वाचले तर बिघडते काय?

बिघडते, कारण चुकीचे पर्याय उगाच टाकलेले नसतात. त्यातल्या प्रत्येकाचे प्रश्नातल्या शब्दाशी काही ना काही नाते असते, फक्त विचारलेले नाते नसते. हा प्रश्न बघा.

विणकर : माग :: कुंभार : ?
(१) मडके (२) माती (३) चाक (४) भट्टी

कुंभार म्हटले की मडके आठवते आणि पहिलाच पर्याय मडके आहे. पर्याय आधी वाचणारा मुलगा तिथेच थांबतो. त्याने फक्त ‘कुंभार’ आणि ‘मडके’ जुळवले, विणकर-माग या जोडीकडे पाहिलेच नाही. खरे तर प्रश्नाचा सगळा अर्थ त्या पहिल्या जोडीत आहे. तिसरा शब्द नुसता बदली गडी आहे.

खात्री करायची असेल तर हेच चार पर्याय ठेवा आणि फक्त पहिली जोडी बदला. विणकर : सूत असे दिले तर उत्तर माती. विणकर : कापड असे दिले तर मडके. विणकर : माग असेल तर चाक. चौथ्यासाठी जोडीबरोबर तिसरा शब्दही बदलावा लागतो : भाकरी : तवा :: मडके : ? असे विचारले तर उत्तर भट्टी, कारण दोन्हीकडे कशावर किंवा कशात भाजतात ते विचारले आहे. पर्याय चारही वेळा तेच आहेत आणि चारही उत्तरे वेगळी आहेत. म्हणजे उत्तर पर्यायांत नाही, ते जोडीत ठरते.

मग नेमके करायचे काय? पायऱ्या सांगा.

पर्यायांवर तळहात किंवा कोऱ्या कागदाची पट्टी ठेवा. पहिल्या दोन शब्दांना जोडणारे एक छोटे, पूर्ण वाक्य मनात तयार करा. याला आपण जोडवाक्य म्हणू. दोन्ही शब्द त्यात आले पाहिजेत आणि क्रियापद हवेच. ‘विणकर आणि मागाचा संबंध आहे’ हे जोडवाक्य नव्हे, त्याने काहीच कळत नाही. ‘विणकर मागावर कापड तयार करतो’ हे जोडवाक्य झाले.

आता त्याच वाक्यात तिसरा शब्द घाला : ‘कुंभार —वर मडके तयार करतो.’ रिकाम्या जागी काय येईल ते स्वतःच सांगा, अजून पट्टी उचलू नका. ‘चाक’ असे मनात आले की मग पट्टी काढा आणि तो शब्द शोधा. तो पर्यायांत असेल तर दोन सेकंदांत काम झाले. हुबेहूब तो शब्द नसेल तर त्याच्या अर्थाचा शोधा.

एवढे करूनही पट्टी काढल्यावर बाकीचे पर्याय एकदा वाक्यात घालून बघावेत. ‘कुंभार मातीवर मडके तयार करतो’, ‘कुंभार मडक्यावर मडके तयार करतो’ ही वाक्ये कानालाच खटकतात. मराठीत शब्दाला जोडून येणारे शब्दयोगी अव्यय इथे फार कामाला येते. मागा‘वर’, सुता‘पासून’ असे अव्यय बदलले की नाते बदलले असे समजा.

जोडवाक्यात दोन पर्याय बसले तर?

तर वाक्य फार सैल झाले आहे, ते आवळायचे. वरच्याच उदाहरणात कुणी वाक्य केले, ‘विणकर त्याच्या कामात माग वापरतो.’ चूक नाही. पण मग ‘कुंभार त्याच्या कामात चाक वापरतो’ हेही बरोबर, ‘भट्टी वापरतो’ हेही बरोबर, आणि माती तर तो वापरतोच. तीन पर्याय आत आले.

अशा वेळी पर्यायांकडे बघून कोणता ‘जास्त बरा’ वाटतो असे ठरवत बसू नका. परत पहिल्या जोडीकडे जा आणि विचारा, मागावर नेमके काय होते? मागावर सुताचे कापड होते, म्हणजे वस्तूला तिचे रूप मिळते. हे वाक्यात घाला : ‘विणकराची वस्तू मागावर आकार घेते.’ कुंभाराची वस्तू चाकावर आकार घेते. भट्टीत ती भाजून पक्की होते, आकार तिला आधीच मिळालेला असतो. भट्टी गळाली. माती हा कच्चा माल, तीही गळाली.

वाक्य आवळायला नेहमी तीनच प्रश्न पुरतात : कशासाठी, कोणत्या टप्प्यावर, आणि हे नेहमीच असते की कधीतरी? शेवटचा प्रश्न मुले विसरतात. ‘डॉक्टर : मोटार’ असे नाते कुणी विचारत नाही, कारण डॉक्टरकडे मोटार असेलच असे नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. शिष्यवृत्तीच्या काही पेपरांत काही प्रश्नांना दोन अचूक पर्याय असतात आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळतात. प्रश्नात तशी सूचना असेल तर दोन पर्याय बसणे ही अडचण नाही, तेच अपेक्षित आहे. तिथे वाक्य आवळून एक पर्याय बाहेर काढलात तर हातचे गुण जातील.

आणि एकही पर्याय बसला नाही तर?

वाक्य एक तर फार घट्ट झाले आहे किंवा नातेच दुसरे आहे. घट्ट वाक्याचे उदाहरण : गाय : गोठा :: कोंबडी : ? यात ‘गाय गोठ्यात दावणीला बांधलेली असते’ असे वाक्य केले तर कोंबडी अडकते. ‘गाय रात्री गोठ्यात असते’ एवढे केले की खुराडे मिळते. म्हणजे फक्त पहिल्या प्राण्यालाच लागू पडणारा तपशील काढून टाकायचा.

तेही जमले नाही तर जोडी आडवी न घेता उभी घ्या. कापूस : ऊस :: कापड : ? यात कापूस आणि ऊस यांचे आपापसात खास नाते सापडत नाही, दोन्ही पिके आहेत एवढेच. पण पहिला आणि तिसरा शब्द जोडा : ‘कापसापासून कापड होते.’ मग उसापासून गूळ किंवा साखर, पर्यायांत जे असेल ते. दहा सेकंद विचार करूनही आडवे वाक्य तयार झाले नाही, तर उभे करून बघायला हरकत नाही. मात्र सुरुवात नेहमी आडवीपासूनच करा.

मुलाला संबंध कळतो, तरी उत्तर चुकते. असे का होते?

बहुतेक वेळा दिशा उलटी झालेली असते. ज्वारी : भाकरी :: ऊस : ? हा प्रश्न घ्या. पर्याय : गूळ, गुऱ्हाळ, साखर कारखाना, शेत. इथे गूळ सरळ येतो, कारण वाक्य ‘ज्वारीपासून भाकरी होते’ असे आहे. आता प्रश्न जरा फिरवू : भाकरी : ज्वारी :: गूळ : ? पर्याय : ऊस, ढेप, गोड, गुऱ्हाळ. यात मुले घाईने ढेप निवडतात, कारण ‘गुळाची ढेप’ हे शब्द एकत्र ऐकलेले असतात. वाक्य ‘भाकरी ज्वारीपासून होते’ असे त्याच क्रमाने केले असते तर ‘गूळ उसापासून होतो’ हे आपोआप आले असते.

म्हणून नियम असा की जोडवाक्यात शब्दांचा क्रम प्रश्नातल्यासारखाच ठेवायचा. पहिला शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला पाहिजे. वाक्य जरा अवघडले तरी चालेल, ते कुणाला वाचून दाखवायचे नसते.

दिशेसारखीच दुसरी चूक टप्प्यांची. कापूस : सूत :: दूध : ? याला पर्याय दही, लोणी, तूप आणि गाय. पहिले तीनही दुधापासूनच होतात, म्हणून ‘कापसापासून सूत होते’ हे वाक्य पुरत नाही. कापूस, सूत, कापड, चादर ही साखळी सोलापूरच्या मुलांना सांगावी लागत नाही. कापसानंतरचा लगेचचा टप्पा म्हणजे सूत. दुधानंतरचा लगेचचा टप्पा दही. लोणी दही घुसळल्यावर येते आणि तूप त्याच्याही पुढे, लोणी कढवल्यावर. ‘पासून होते’ असे नाते आले की मध्ये किती टप्पे आहेत ते बोटांवर मोजायची सवय लावा.

शब्दाची जात जुळते का हेही पाहायचे का?

हो, आणि हे सगळ्यांत स्वस्त काम आहे. धाडस : धाडसी :: कष्ट : ? यात मेहनत, श्रम, कष्टाळू, काम असे पर्याय असतील तर पहिली जोडी नाम आणि विशेषण अशी आहे. मेहनत आणि श्रम हे कष्टाचे समानार्थी शब्द आहेत आणि म्हणूनच ते तिथे ठेवलेले आहेत. दोन्ही नामे आहेत, बाद. कष्टाळू राहिले.

प्रश्नचिन्ह शेवटी नसून मध्ये किंवा सुरुवातीला असेल तर?

पूर्ण जोडी कोणती ते शोधा आणि वाक्य तिचेच करा. ? : थवा :: गुरे : कळप यात पूर्ण जोडी उजवीकडे आहे. ‘गुरांच्या समूहाला कळप म्हणतात.’ मग थवा कशाच्या समूहाला म्हणतात? पक्ष्यांच्या. बाकी रीत तीच.

ही रीत आली की शब्द पाठ करायची गरज उरत नाही का?

उरते. जोडवाक्य तुम्हाला काय शोधायचे ते सांगते, पण तो शब्दच माहीत नसेल तर वाक्य काय करणार? भाकरी : चवड :: नाणी : ? हा प्रश्न घ्या. ‘एकावर एक रचलेल्या भाकरींना चवड म्हणतात’ हे वाक्य जमले, तरी ‘चळत’ हा शब्द कधी कानावर पडला नसेल तर तो आतून येणार नाही. समूहदर्शक शब्द (केळ्यांचा घड, उसाची मोळी, मेथीची जुडी, आंब्यांची अढी), प्राण्यांची पिल्ले, त्यांचे आवाज आणि निवारे, हे चार गट बसून तोंडपाठच करावे लागतात. याला दुसरी पळवाट नाही.

अर्धवट माहिती असेल तर मात्र मागून येता येते. सिंह : छावा :: हरीण : ? याला करडू, शिंगरू, पाडस, कोकरू असे पर्याय आहेत आणि हरणाच्या पिल्लाचे नाव आठवत नाही. तर प्रत्येक पर्यायाचा मालक शोधा. करडू शेळीचे, शिंगरू घोडीचे, कोकरू मेंढीचे. उरले पाडस. पट्टी काढून पर्यायांपासून सुरुवात करायची परवानगी आहे ती एवढ्याच परिस्थितीत : नाते पक्के ठरले आहे, फक्त शब्द आठवत नाही.

‘गटात न बसणारा शब्द’ यात तर चार पर्याय हाच प्रश्न असतो. मग संबंध आधी कसा ठरवणार?

प्रश्न रास्त आहे. इथे झाकायला काही नसते. पण तत्त्व तेच राहते, फक्त ते असे मांडावे लागते : वेगळा कोण हे शोधू नका, तिघे एक का आहेत ते शोधा. वेगळेपण दिसायला सोपे असते आणि तिथेच डोळा फसतो.

सोलापूर, पंढरपूर, कोल्हापूर, नागपूर यांतले वेगळे कोणते? एक मुलगा म्हणतो नागपूर, कारण ती उपराजधानी आहे. दुसरा म्हणेल कोल्हापूर, तिथे महालक्ष्मी आहे. तिसरा सोलापूर, चादरीसाठी. तिघांचीही माहिती खरी आणि तिघेही चुकले. नागपूर काढल्यावर उरलेल्या तिघांत समान काय? ‘ती उपराजधानी नाहीत’ एवढेच. असा नकार जगातल्या कुठल्याही गावाला लागू होतो, त्याने गट होत नाही. पंढरपूर काढून बघा : सोलापूर, कोल्हापूर, नागपूर ही जिल्ह्यांची मुख्यालये आहेत. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण आहे. तिघांबद्दल होकारार्थी वाक्य तयार झाले आणि चौथ्याला ते लागू झाले नाही. हेच उत्तर.

तेव्हा इथले जोडवाक्य नेहमी ‘हे तीनही … आहेत’ अशा साच्यात करा. ‘नाहीत’ने संपणारे वाक्य आले की समजा, आपण गटाकडे न बघता एकट्याकडेच बघत बसलो आहोत.

तिघांचे काही जुळतच नाही, नेहमी दोन-दोनच्या जोड्या पडतात. तेव्हा?

दोन-दोन पडले की तो निकष लगेच टाकून द्यायचा. एक उदाहरण पूर्ण सोडवू : ज्वारी, बाजरी, मका, हरभरा.

पहिला निकष मनात येतो तो लिंगाचा. ती ज्वारी, ती बाजरी. तो मका, तो हरभरा. दोन-दोन. टाका. दुसरा हंगामाचा. इथे सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या मुलांचा गोंधळ होतो, कारण आपल्याकडची शाळू ज्वारी रब्बीत येते आणि हरभराही रब्बीचाच. बाजरी खरिपाची, मकाही बहुतेक खरिपातला. परत दोन-दोन. शिवाय ज्वारी काही भागांत खरिपातही घेतात, म्हणजे हा निकष गावोगाव बदलतो. असा निकष प्रश्न काढणारा सहसा वापरत नाही. तिसरा निकष, भाकरी कशाची होते? ज्वारी, बाजरी, मका या तिन्हींची होते आणि हरभऱ्याचे बेसन होते. तीन-एक पडले. आता याच्यामागचा पक्का शब्द शोधा : ज्वारी, बाजरी, मका ही तृणधान्ये आहेत, हरभरा कडधान्य आहे. त्याची डाळ होते. उत्तर हरभरा.

भाकरीवरून तिथवर पोचलात तरी उत्तर तेच आले. पण शेवटी ‘तृणधान्य’सारखे गटाचे नाव देता आले पाहिजे. नाव देता आले नाही तर उत्तर अजून कच्चे आहे.

दोन वेगळ्या निकषांनी दोन वेगळी उत्तरे येतात. कोणते धरायचे?

असे खरेच होते. वांगे, गाजर, मुळा, रताळे घ्या. गाजर, मुळा, रताळे जमिनीखाली वाढतात, म्हणून वांगे वेगळे. पण लिंग पाहिले तर ते वांगे, ते गाजर, ते रताळे आणि तो मुळा, म्हणून मुळा वेगळा. दोन्ही वेळा तीन-एकच पडतात आणि दोन्ही वाक्ये होकारार्थी आहेत.

अशा वेळी प्रश्न कोणत्या विभागात आहे ते बघा. बुद्धिमत्ता चाचणीत असेल तर अर्थाला मान, उत्तर वांगे. मराठी व्याकरणात असेल आणि वरच्या सूचनेत लिंगाचा उल्लेख असेल तर मुळा. सूचना काहीच नसेल तर क्रम असा ठेवा : आधी वस्तू कोणत्या वर्गातली, मग तिचा उपयोग किंवा जागा, मग व्याकरण, आणि अगदी शेवटी अक्षरे. ‘याच शब्दात जोडाक्षर आहे’ यावरून उत्तर काढायची वेळ क्वचितच येते. आली तर आधीचे तीन निकष खरेच संपले का ते पाहा.

सगळेच शब्द सारखे दिसतात, उदा. पंकज, सरोज, जलज, जलद. यात कुठून सुरुवात करायची?

शब्द मध्ये तोडा. पंक म्हणजे चिखल, सर म्हणजे तळे, जल म्हणजे पाणी. शेवटचा ‘ज’ म्हणजे जन्मलेला. चिखलात, तळ्यात, पाण्यात जन्मलेले ते कमळ. जलद मधला ‘द’ म्हणजे देणारा. पाणी देणारा तो ढग. तीन कमळे आणि एक ढग.

रोजच्या बोलण्यात जलद म्हणजे लवकर, त्यामुळे मुले ‘लवकर’ हा अर्थ धरतात आणि तरीही उत्तर बरोबर येते. इथे नशीब चालले. पण पर्याय जलद, नीरद, अंबुद, अंबुज असे आले की तेच मूल ‘लवकर’ म्हणून जलद काढते आणि चुकते. कारण यात पहिले तिघे ढग आहेत आणि अंबुज कमळ.

नुसत्या शेवटाच्या यमकावर मात्र भरवसा ठेवू नका. दिनकर, भास्कर, प्रभाकर, सुधाकर सगळे ‘कर’नेच संपतात. पहिले तीन सूर्य आणि सुधाकर चंद्र. ‘कर’ सारखा आहे, म्हणजे फरक पुढच्या भागात आहे, तिकडे बघायचे.

आमच्या घरी तेलुगू (किंवा कन्नड) बोलतात. मुलाला लिंगावरचे प्रश्न जड जातात. उपाय?

जड जाणे साहजिक आहे. मराठीत निर्जीव वस्तूंनाही तो, ती, ते लागते. तेलुगू आणि कन्नडमध्ये वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नाही, त्यामुळे घरच्या भाषेचा कान इथे मदत करत नाही. नियम पाठ करण्यापेक्षा ‘माझा, माझी, माझे’ लावून मोठ्याने बोलायला सांगा : माझी चादर, माझा टॉवेल, माझे घोंगडे. शाळेत मराठी ऐकलेले असते, त्यामुळे चुकीचे रूप जिभेवर अडखळते. ज्या शब्दाला अडखळत नाही आणि चुकतेच, तेवढेच शब्द वहीत लिहून ठेवा. यादी वाटते तेवढी मोठी होत नाही.

अर्थावरच्या प्रश्नांत मात्र दोन-तीन भाषा येणाऱ्या मुलाचे काही अडत नाही. जोडवाक्य त्याने मनात तेलुगूत केले तरी चालते. क्रम तेवढा प्रश्नातलाच ठेवायचा.

सगळ्यांनाच लागू असा एक घरगुती घोटाळाही इथेच सांगतो. सोलापुरात नुसते ‘शेंगा’ म्हटले की भुईमूगच. पण पेपरातली ‘शेंग’ शेवग्याची, वालाची, वाटाण्याची कुणाचीही असू शकते. घरात एकाच अर्थाने वापरला जाणारा शब्द पेपरात दिसला की त्याचा पुस्तकी अर्थ एकदा आठवून घ्या.

एवढी वाक्ये करत बसलो तर पेपर पुरा कसा होणार?

हिशेब करू. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटे, म्हणजे ५४ सेकंद. सराव झालेल्याला जोडवाक्याला दहा सेकंद लागतात, पर्याय तपासायला तेवढेच. गोल रंगवून अर्ध्या मिनिटात प्रश्न संपतो. वाचलेला वेळ गणिताला मिळतो.

वेळ खरा जातो तो पर्याय आधी वाचणाऱ्याचा. तो मडके, चाक, परत मडके असा फिरत राहतो आणि दर फेरीत नवे कारण शोधतो. आवळून-सैल करूनही ४० सेकंदांत वाक्य जुळले नाही, तर प्रश्नावर खूण करा आणि पुढे जा.

घरी सराव कसा करून घ्यावा?

रोज दहा प्रश्न पुष्कळ झाले, पण पहिले दोन आठवडे जोडवाक्य मनात न करता वहीत लिहायचे. लिहिल्याशिवाय वाक्य सैल आहे की घट्ट ते दिसत नाही. जुन्या पेपरचे पर्याय कागदाच्या पट्टीने झाकून द्या.

तपासताना फक्त बरोबर-चूक लिहू नका, चुकीचे कारण लिहा. कारणे चारच असतात : शब्द माहीत नव्हता, वाक्य सैल होते, दिशा किंवा टप्पा चुकला, आणि गटाच्या प्रश्नात ‘तिघे’ न बघता ‘एकटा’ पाहिला. आठवड्याने मोजा. पहिले कारण जास्त असेल तर रीत सुधारून उपयोग नाही, शब्दांचे गट पाठ करायला हवेत. बाकीच्या तिघांपैकी एखादे जास्त असेल तर नवीन शब्द पाठ करून गुण वाढणार नाहीत. दोन्हींचा इलाज वेगळा असतो आणि बरीच घरे सगळ्या दुखण्यांवर पाठांतराची एकच गोळी देतात.

दुसरा चांगला सराव म्हणजे मुलालाच प्रश्न तयार करायला लावणे. विणकर : माग घेऊन त्याने स्वतः तीन चुकीचे पर्याय शोधायचे. एक वस्तूचा, एक कच्च्या मालाचा, एक दुसऱ्याच साधनाचा. सापळा स्वतः लावला की दुसऱ्याने लावलेला ओळखू येतो.

उत्तरसूचीतले उत्तर आमच्या उत्तराशी जुळत नाही. आक्षेप घ्यावा का?

शिष्यवृत्ती परीक्षेची आधी अंतरिम उत्तरसूची येते आणि तिच्यावर ठरलेल्या मुदतीत आक्षेप नोंदवता येतात. पण ‘आमचेही उत्तर बरोबर आहे’ एवढ्याने काही होत नाही. समसंबंध असेल तर तुमचे जोडवाक्य लिहा आणि ते दोन्ही जोड्यांना त्याच क्रमाने लागू होते हे दाखवा. गटाचा प्रश्न असेल तर तिघांबद्दलचे होकारार्थी वाक्य, गटाचे नाव, आणि पाठ्यपुस्तकात किंवा शब्दकोशात त्याचा आधार कुठे आहे ते पान क्रमांकासह द्या.

आक्षेप लिहायला बसण्याआधी उत्तरसूचीतल्या उत्तराचेही वाक्य करून बघा. ते तुमच्या वाक्यापेक्षा घट्ट निघाले तर चूक सूचीची नाही. दोन्ही वाक्ये सारखीच घट्ट असतील, वांगे आणि मुळ्यासारखी, तर आक्षेप जरूर नोंदवा.